डॉक्टरांचा कागद आणि नोटिशीचे तीन महिने

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत खासगी शिक्षणसंस्थांच्या अनुदानित शाळांत हजारो शिक्षक काम करतात. त्यातल्या कुणाला दुखणं जडलं आणि डॉक्टरांनी काम थांबवायला सांगितलं, की स्टाफरूममध्ये सल्ल्यांची रीघ लागते. ‘मेडिकल जोडा, दुसऱ्या दिवशी सुटका.’ ‘मुख्याध्यापकांना सांगून ठेवा, बाकी संस्था बघून घेईल.’ सल्ला देणाऱ्यांना मनापासून मदत करायची असते. पण या शिक्षकांच्या राजीनाम्याला एक ठरलेली कायदेशीर चौकट आहे, आणि हे सल्ले बहुतेक वेळा तिच्या बाहेरचे असतात. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याचं कलम ७ आणि १९८१ च्या नियमावलीतला नियम ४० अशी ही चौकट आहे. दोन्ही मिळून पानभर मजकूर होईल. आजारी माणसाच्या घरच्यांनी तो एकदा वाचला, तर पुढचा बराच मनस्ताप टळतो.

गैरसमज : वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलं की नोटीस लागत नाही

हा सगळ्यात पक्का बसलेला समज. नियम ४० सांगतो, की कायम कर्मचाऱ्याने तीन कॅलेंडर महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एका महिन्याची नोटीस द्यायची. आजारपणासाठी त्यात वेगळी सवलत लिहिलेली नाही. डॉक्टरांचा कागद कितीही गंभीर असला, तरी तो आपोआप नोटीस रद्द करत नाही.

मात्र त्याच नियमात लवकर सुटण्याची वाटही आहे. जेवढे दिवस नोटीस कमी पडते, तेवढ्या दिवसांचं वेतन कर्मचाऱ्याने भरलं, तर संस्था त्याला आधी जाऊ देऊ शकते. ‘देऊ शकते’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण निर्णय संस्थेचा असतो. प्रमाणपत्राचं काम इथे सुरू होतं. संस्थेने होकार का द्यावा, याचं ते सबळ कारण असतं. म्हणून अर्जात तीन गोष्टी एकत्र हव्यात: कारण, सुटण्याची नेमकी तारीख आणि उरलेल्या नोटिशीचे पैसे भरायची तयारी. नुसतं ‘प्रकृतीच्या कारणास्तव लवकरात लवकर कार्यमुक्त करावे’ असं लिहिलं, तर संस्थेच्या बैठकीत त्यावर ठराव तरी काय करणार? तो अर्ज फाईलमध्ये पडून राहतो आणि अर्जदार घरी वाट बघत बसतो.

गैरसमज : संस्थाचालक ओळखीचे असले की पैसे माफ होतात

अनुदानित शाळेत ही ओळख फारशी कामाला येत नाही. नोटीस पुरी न करता आणि पैसेही न घेता संस्थेने एखाद्याला सोडलं, तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते, असं नियम ४० च्या दुसऱ्या पोटनियमात आहे. म्हणजे अध्यक्षांनी मोठ्या मनाने माफी दिली, तर भुर्दंड शाळेला. ‘इतकी वर्षं राबलो, तरी पैसे मागतात’ असं म्हणून माणसं दुखावतात. तो राग मला समजतो, पण पुष्कळदा तो चुकीच्या माणसावर निघतो.

दुसरीकडे ही रक्कम लोक समजतात त्यापेक्षा कमी असते. हिशेब भत्ते वगळून वेतनावर होतो. महागाई भत्ता आणि घरभाडे त्यात धरायचे नाहीत, आणि नोटिशीचे जेवढे दिवस भरले ते वजा करायचे.

एक उदाहरण घेऊ. व्यक्ती कल्पित आहे, हिशेब मात्र नियमाप्रमाणे. उदगीर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत चौदा वर्षं झालेल्या कायम शिक्षिका आहेत. मणक्याचा त्रास वाढून डाव्या पायातला जोर कमी झाला. डॉक्टरांनी फार वेळ उभं राहणं आणि रोजचा एसटीचा प्रवास बंद करायला सांगितला. मूळ वेतन ५८,००० रुपये. त्यांनी ९ फेब्रुवारीला नोटीस दिली, तर तीन महिने ८ मे रोजी पूर्ण होतात. त्यांनी ८ मार्चला कार्यमुक्त करण्याची विनंती केली. एक महिना भरला, दोन राहिले. भरायची रक्कम १,१६,००० रुपये. सगळे भत्ते धरून तीन महिन्यांचा पगार भरावा लागेल या धास्तीने त्या पाय ओढत शाळेत जात राहिल्या असत्या, तर त्यांचं दुहेरी नुकसान झालं असतं.

गैरसमज : राजीनामा वर्षात केव्हाही देता येतो

वरच्या उदाहरणात ८ मे ही तारीख अडचणीची आहे, कारण ती उन्हाळी सुटीत येते. ज्यांना दीर्घ सुटी मिळते, त्यांनी सुटीत नोटीस द्यायची नाही, आणि नोटिशीच्या काळात सुटीचा कोणताही भाग येऊ द्यायचा नाही, असं नियम सांगतो. शिवाय पहिलं सत्र सुरू झाल्यावर महिनाभर नोटीस देता येत नाही. मराठवाड्यात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापर्यंत दार बंद. त्यानंतर दिवाळीची सुटी लागायच्या आत तीन महिने बसवायचे. ते जमलं नाही, तर दिवाळीनंतर देऊन उन्हाळी सुटीच्या आत संपवायचे. कॅलेंडर समोर ठेवून मोजलं, तर पूर्ण नोटिशीसाठी वर्षात दोनच खिडक्या उरतात, आणि दुसरी जानेवारीअखेर बंद होते.

आजार खिडकी बघून येत नाही. फेब्रुवारीत निदान झालं, तर पैसे भरून सुटीपूर्वीची तारीख मागणं हाच सरळ मार्ग राहतो. अडचण एवढीच, की त्याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हे बोर्डाच्या लातूर विभागीय मंडळाखाली येतात. पर्यवेक्षण आणि उत्तरपत्रिका तपासणीच्या नेमणुका झालेल्या असतात, त्यामुळे संस्था कचरते. अशा वेळी प्रमाणपत्राची प्रत जोडून परीक्षेच्या कामातून वगळण्याचा अर्ज वेगळा द्यावा आणि आपले वर्ग कुणाकडे सोपवता येतील हे राजीनाम्याच्या अर्जात सुचवावं. अडवणुकीचं निम्मं कारण तिथेच संपतं.

गैरसमज : सगळे रिपोर्ट जोडले तरच खरं वाटेल

एमआरआयची फिल्म, रक्ताचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड असा गठ्ठा जोडणारे पुष्कळ आहेत. त्याची गरज नसते. ती फाईल कारकुनापासून कार्यकारिणीच्या सदस्यांपर्यंत फिरते, आणि गावात आजाराची चर्चा आपल्याआधी पोहोचते. मानसिक आजार किंवा बाईच्या दुखण्याच्या बाबतीत हे फार जिव्हारी लागतं.

डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र मागा. त्यात आजाराच्या इतिहासापेक्षा काम काय जमणार नाही ते हवं: सलग किती वेळ उभं राहता येईल, प्रवास चालेल का, बोलण्यावर बंधन आहे का, आणि हा सल्ला कोणत्या तारखेपासून. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तारीख, सही आणि रुग्णाची सही किंवा ओळखखूण असावी. दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवणं आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत त्याची कागदपत्रं देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत आहे, त्यामुळे प्रत मागायला संकोच नको. ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढंच लिहिलेला कागद मात्र राजीनाम्यासाठी लंगडा पडतो. संस्था साहजिकच म्हणते, मग रजा घ्या.

अर्जाचा गाभा असा लिहिता येईल:

‘सोबतच्या वैद्यकीय सल्ल्यानुसार मला दीर्घकाळ उभे राहणे व रोजचा प्रवास वर्ज्य आहे. त्यामुळे मी सहशिक्षिका पदाचा राजीनामा देत असून आजच्या तारखेपासून तीन महिन्यांची नोटीस देत आहे. प्रकृती लक्षात घेता मला दि. ८ मार्च रोजी कामकाज संपल्यावर कार्यमुक्त करावे. उर्वरित नोटीस कालावधीचे भत्ते वगळून होणारे वेतन नियम ४० नुसार भरण्यास मी तयार आहे.’

गैरसमज : मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला की झालं

कलम ७ प्रमाणे राजीनाम्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि एक स्वतःजवळ ठेवायची. कोरे किंवा बिनतारखेचे राजीनामे आधीच लिहून घेण्याच्या प्रकारांना या पद्धतीने आळा बसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो किंवा हातोहात दिलेली चिठ्ठी यात बसत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. म्हणून पोस्टाच्या खिडकीवर स्पीड पोस्टला नोंदणीची सोय जोडून मागावी आणि पावती प्रतीला टाचून ठेवावी. पत्ता संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांचा, शाळेचा नव्हे. मुख्याध्यापकांना प्रत जरूर द्या, पण राजीनामा स्वीकारणारे ते नसतात.

गैरसमज : आजारी माणसाला राजीनाम्यावाचून पर्याय नसतो

माझं सगळ्यात कळकळीचं म्हणणं इथे आहे. राजीनामा दिला, की निवृत्तिवेतनाच्या नियमांप्रमाणे मागची सेवा बुडते. जुन्या पेन्शन योजनेतल्या शिक्षकाची अर्हताकारी सेवा वीस वर्षं झाली असेल, तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन टिकते. त्याने ‘राजीनामा’ हा शब्द लिहून आयुष्यभराचं पेन्शन घालवणं ही फार मोठी किंमत आहे. प्रकृती कायमची खालावली असेल, तर रुग्णता निवृत्तिवेतनाची तरतूदही बघावी.

वीस वर्षं झाली नसतील, तरी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचं कलम २० बघा. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं, तर शासकीय आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही. जुनं काम जमत नसेल, तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यावं लागतं. शासनाचं अनुदान घेणाऱ्या संस्था कायद्याच्या व्याख्येत ‘शासकीय आस्थापना’ ठरतात. आपल्या उदाहरणातल्या बाईंनी म्हणूनच अर्ज टाकण्याआधी शासकीय रुग्णालयात दिव्यांगत्वाची तपासणी करून घ्यायला हवी. राजीनामा मंजूर झाल्यावर त्या कर्मचारीच राहत नाहीत, आणि मग या कलमाचा आधार मागायला जागा उरत नाही.

याच कारणासाठी लवकर सुटण्याचीही घाई करू नये. राजीनामा मंजूर होण्याआधी तो मागे घेता येतो. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने राजीनामा असा मागे घेणं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ग्राह्य धरलं आणि त्याला पुन्हा कामावर घ्यायला लावलं. उपचारांनी गुण येण्याची शक्यता डॉक्टर सांगत असतील, तर आधी वैद्यकीय रजा संपवावी, नंतर राजीनाम्याचं बघावं.

लातूरच्या खासगी क्लासेसमध्ये शिकवणाऱ्यांना मात्र यातलं काहीच लागू नाही. तिथे नेमणूकपत्रात लिहिलं असेल ती नोटीस. मालकाने जबरदस्तीने शिकवायला लावणं कोणत्याही न्यायालयात टिकत नाही, वाद होईल तो पैशांपुरता. अशा नोकरीत भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर राजीनाम्यात आजाराचं कारण लिहिलेलं असणं उपयोगी पडतं. पाच वर्षं पुरी होण्याआधी काढलेल्या निधीवर एरवी कर लागतो, पण नोकरी आजारपणामुळे सुटली असेल तर तो लागत नाही, आणि ते दाखवायला हाच कागद असतो.

कार्यमुक्तीच्या दिवशी हातात तीन कागद हवेत: मंजुरीच्या ठरावाची प्रत, भरलेल्या रकमेची पावती आणि कार्यमुक्तीचा आदेश. सेवापुस्तकातली शेवटची नोंद आपल्यासमोर वाचून घ्यावी. तिथे राजीनाम्याऐवजी ‘विनापरवानगी गैरहजर’ असं काही लिहिलं असेल, तर त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवून तिची पोच घ्यावी.