गोल ठिपके फिरतच राहिले तर

विंडोजच्या अपडेटमध्ये ठिपके फिरताहेत म्हणजे काम चालू आहे, असं समजू नका. आतलं काम अडकलं तरी ते फिरत राहू शकतात. खरी खूण हार्ड डिस्कच्या छोट्या दिव्यात असते. तो अधूनमधून लुकलुकत असेल तर थांबा. जुन्या हार्ड डिस्कवर मोठ्या अपडेटला दोन-तीन तासही लागतात. लॅपटॉपचा चार्जर मात्र लावलेला ठेवा.

तीन तास उलटले, टक्केवारी हलत नाही आणि दिवाही बराच वेळ निपचित आहे? मग पेनड्राइव्ह, प्रिंटर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. पुन्हा सुरू केल्यावर विंडोज बहुधा अर्धवट बदल स्वतःच मागे घेतं. तेव्हा मात्र अजिबात मध्ये पडू नका.