तुकड्यांतून पूर्ण पान : संगणकावरील हस्तलिखिताची मूळ प्रत जतन करण्याची पद्धत

प्रास्ताविक

गुजरात सुभ्याचे दिवाण अली मुहम्मद खान यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात 'मिरात-ए-अहमदी' हा फारसी इतिहासग्रंथ लिहिला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२७ ते १९३० या काळात सय्यद नवाब अली यांनी संपादित केलेली त्याची छापील आवृत्ती प्रसिद्ध झाली. अशा ग्रंथाचे हस्तलिखित एखाद्या ग्रंथालयाने संगणकावर उपलब्ध केले असेल, तर छापील पाठाशी ते ताडून पाहणे हे फारसी, उर्दू व इतिहास या विषयांच्या अध्यापकांना घरबसल्या शक्य होते. परंतु अनेक ग्रंथालये संपूर्ण पानाचे चित्र एकाच फाइलमध्ये देत नाहीत. ते शेकडो लहान चौकोनी तुकड्यांत देतात व आपण चित्र मोठे करू तसतसे आवश्यक तुकडे पडद्यावर येतात. या तुकड्यांतून मूळ पान कसे जुळवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पडद्यावरचे छायाचित्र का पुरत नाही

फारसी लिपीत शब्दाच्या मध्ये येणारे बे, पे, ते, से, नून आणि ये यांचा दाता सारखाच असतो. फरक केवळ नुक्त्यांचा, म्हणजे त्यांची संख्या किती आणि ते वर आहेत की खाली, एवढाच. शिकस्ता लिपीत तर नुक्ते बरेचदा गाळलेले असतात, म्हणून जे आहेत ते नीट दिसणे महत्त्वाचे.

समजा, ३० सेंटिमीटर उंचीचे पान स्कॅन करून ७,००० पिक्सेल उंचीचे चित्र तयार केले. म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे २३३ पिक्सेल मिळतात आणि ०.८ मिलिमीटरचा नुक्ता सुमारे १९ पिक्सेल रुंद येतो. हेच पान पडद्यावर १,००० पिक्सेल उंचीत दिसत असताना 'प्रिंट स्क्रीन' केले, तर तो नुक्ता तीन पिक्सेलांपेक्षाही लहान होतो. शेजारचे दोन नुक्ते एकमेकांत मिसळून एकच डाग दिसतो. असे चित्र मागाहून कितीही मोठे केले तरी हरवलेला नुक्ता परत येत नाही.

तुकड्यांची रचना कशी शोधावी

प्रथम ग्रंथालयाने पूर्ण चित्र उतरवून घेण्याची सोय दिली आहे का, हे पाहावे. ती असेल तर पुढील खटाटोपाची गरज नाही. नसल्यास ब्राउझरमध्ये F12 दाबावे, Network हा विभाग उघडावा आणि पान पुन्हा लोड करावे. येणाऱ्या फाइलींच्या यादीत `info.json` हे नाव दिसले, तर ते ग्रंथालय आय-आय-आय-एफ नावाच्या सार्वत्रिक पद्धतीने चित्रे देते. त्या फाइलमध्ये चित्राचे माप व तुकड्यांचे माप लिहिलेले असते. आपल्या उदाहरणातील पानाची माहिती अशी असेल :

```
"width": 4600, "height": 7000,
"tiles": [{"width": 512,
  "scaleFactors": [1, 2, 4, 8]}]
```

यातील शेवटची ओळ नीट समजून घ्यावी. चित्राचे चार स्तर आहेत. १ हा पूर्ण स्पष्टतेचा स्तर. ४ या स्तरावर तेच पान १,१५० × १,७५० पिक्सेलांत आटोपते. आपल्याला १ हाच स्तर हवा.

याच पद्धतीत संपूर्ण पान एकदम मागण्याचीही सोय आहे. चित्राच्या पत्त्याला पुढील शेपूट जोडून पाहावे. दुसरी ओळ जुन्या आवृत्तीच्या सर्व्हरसाठी आहे :

```
/full/max/0/default.jpg
/full/full/0/default.jpg
```

येथे एक फसगत संभवते. सर्व्हरने मोठ्या चित्राला मर्यादा घातली असेल, तर फाइल व्यवस्थित उतरते, पण लहान मापाची येते. म्हणून फाइलचे गुणधर्म उघडून रुंदी ४,६०० आहे का, हे पडताळावे. नसेल तरच तुकड्यांकडे वळावे.

तुकडे मोजणे व जोडणे

४,६०० ला ५१२ ने भागता आठ पूर्ण तुकडे आणि ५०४ पिक्सेलांचा एक अपुरा तुकडा मिळतो, म्हणजे नऊ स्तंभ. ७,००० ला भागता तेरा पूर्ण आणि ३४४ पिक्सेलांचा एक अपुरा, म्हणजे चौदा ओळी. एकूण १२६ तुकडे झाले. प्रत्येकाच्या पत्त्यात डावीकडून अंतर, वरून अंतर, रुंदी व उंची या क्रमाने चार आकडे येतात. उजव्या-खालच्या कोपऱ्यातील शेवटचा तुकडा असा :

```
/4096,6656,504,344/504,/0/default.jpg
```

तुकडे `r00_c00.jpg` अशा दोन अंकी नावांनी ठेवावेत; अन्यथा संगणक १ नंतर १० घेतो व क्रम बिघडतो. 'इमेजमॅजिक' या विनामूल्य प्रणालीने आधी प्रत्येक ओळ आडवी जोडावी. पहिल्या ओळीसाठीची आज्ञा येथे दिली आहे. उरलेल्या तेरा ओळींसाठी तीच आज्ञा आकडा बदलून द्यावी. मग सर्व ओळी एकाखाली एक जोडाव्यात :

```
magick r00_c*.jpg +append row00.png
magick row*.png -append page.png
```

तुकडे एकदम सारख्या चौकटींत मांडणारी `montage` ही आज्ञा येथे टाळावी. कडेचे अपुरे तुकडे ती चौकटीच्या मध्यभागी ठेवते, त्यामुळे अक्षरांमध्ये पांढरी फट पडते.

हे सारे काम आपोआप करणारी `dezoomify-rs` ही प्रणालीही विनामूल्य मिळते :

```
dezoomify-rs -l -n 2 पत्ता page.png
```

'पत्ता' या शब्दाच्या जागी `info.json` चा पूर्ण पत्ता लिहावा. `-l` म्हणजे सर्वांत मोठा स्तर. `-n 2` मुळे एका वेळी दोनच तुकडे मागितले जातात व ग्रंथालयाच्या सर्व्हरवर ताण पडत नाही. जोडलेले पान पीएनजी स्वरूपातच ठेवावे, कारण तुकडे आधीच एकदा आकुंचित केलेले असतात. पुन्हा जेपीजी केल्यास नुक्त्यांच्या कडा आणखी पुसट होतात.

प्रत पडताळणे

प्रथम अंतिम चित्राचे माप ४,६०० × ७,००० आहे का, ते पाहावे. पण माप बरोबर असूनही एखादा तुकडा उतरलाच नसेल, तर त्या जागी कोरा चौकोन राहतो. हस्तलिखिताच्या रिकाम्या समासात तो सहज नजरेतून सुटतो आणि समासातील टीप तेथे नव्हतीच, असा गैरसमज होतो. म्हणून चारही समास पूर्ण आकारात डोळ्यांखालून घालावेत. नंतर दर ५१२ पिक्सेलांवरील सांधे तपासावेत. अक्षराची रेघ सांध्यावर तुटली किंवा दुहेरी झाली असेल, तर तुकड्यांचा क्रम चुकला आहे अथवा तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले आहेत. `.dzi` फाइल वापरणाऱ्या 'डीप झूम' पद्धतीत प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यात बहुधा एक पिक्सेल शिरलेला असतो. त्याची नोंद त्या फाइलमध्ये `Overlap` या नावाने असते आणि तेवढा भाग जोडण्यापूर्वी कापावा लागतो.

मर्यादा

अठराव्या शतकातील ग्रंथावर लेखनाधिकार उरलेला नसला, तरी चित्राच्या वापरासंबंधी ग्रंथालयाच्या स्वतःच्या अटी असू शकतात. त्या वाचूनच काम करावे. काही संकेतस्थळे तुकडे सांकेतिक स्वरूपात देतात. ते कुलूप मुद्दाम लावलेले असते. तेथे थांबून ग्रंथपालांना पत्र लिहिणे हाच योग्य मार्ग. प्रतीसोबत हस्तलिखिताचा क्रमांक, पानाचा क्रमांक, `info.json` ची प्रत आणि उतरवल्याची तारीख एकाच फोल्डरमध्ये ठेवावी. पाठभेद नोंदवताना नुक्ता कोणत्या चित्रात व किती स्पष्टतेने पाहिला, हे त्यावरून दुसऱ्या अभ्यासकाला तपासता येते.