मावशीने बारशाच्या कार्डात काय लिहावे?

बारशात नाव ठेवण्याचा मान आत्याचा. बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव तीच सांगते आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. बाळंतपण माहेरी असेल तर मावशी त्या दिवशी घरचीच असते. पाळणा सजवायचा, घुगऱ्या वाटायच्या, ओट्या भरायच्या, यात तिचा दिवस जातो. विधीत तिची वेगळी जागा नाही. म्हणूनच झबल्या-टोपड्याबरोबर ती जे कार्ड देते, त्यात तिचे स्वतःचे काही असावे.

पहिली अडचण नावाचीच येते. मावशीला नाव बहुधा आधी कळलेले असते, पण आत्याने सांगेपर्यंत ते कुठे लिहिलेले दिसू नये. तेव्हा 'चि.'नंतर जागा कोरी सोडावी आणि नाव जाहीर झाल्यावर भरावी. पत्रिकेतले जन्मनाव वेगळे असेल, तर कार्डावर हाक मारायचे नावच घालावे.

आता मजकूर. समजा, थोरल्या बहिणीला मुलगी झाली आहे. 'तुझे आयुष्य सुखसमृद्धीने भरून जावो' हे वाक्य सहज सुचते, पण ते शेजारच्या काकूंनाही लिहिता येते. मावशीकडे असते ते बाळाच्या आईचे लहानपण. ते आणले की मजकूर असा होतो:

'चि. ______, आज तुला नाव मिळालं. मी तान्ही असताना तुझी आई मला झोके द्यायची आणि माझ्याआधी तीच पाळण्याला टेकून झोपायची, असं आजी सांगते. आता ती तुला झोके देईल. तिला झोप लागली, तर दोरी माझ्या हातात. तुझी, धाकटी मावशी.'

यात आठवण एकच आहे आणि वचनही मावशीला खरोखर पाळता येईल एवढेच. बाळाला 'तू' म्हटले आहे, कारण मोठेपणी हे कार्ड तीच वाचणार. मावश्या दोन-तीन असतील तर सहीत नाव हवे. खाली गाव आणि सालासकट तारीख लिहावी.

रंग, नाक-डोळे, कोणाच्या वळणावर गेली, हे कार्डात नको. 'आता पाठीवर भाऊ येऊ दे' हे तर मुळीच नको. बाळंतिणीला ते लागते आणि पुढे त्या मुलीलाही लागेल. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण मायेपोटी सुचते, पण बारशाच्या दिवशी आईच्या मरणाचा शब्द लिहू नये.

मजकूर आहेराच्या पाकिटावर लिहिण्याचा मोह टाळावा. रात्री आहेर मोजताना नोटा काढून घेतात आणि पाकिटे केरात जातात. कार्ड वेगळे ठेवावे आणि गर्दी ओसरल्यावर बहिणीच्या हातात द्यावे.