नोटिशीतला आकडा, उत्तरातला आकडा

वकिलाची नोटीस आली की मालकाच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं: ‘सगळं खोटं आहे!’ उत्तराच्या मसुद्यात नेमकं हेच वाक्य महागात पडतं.

समजा, पुण्यातल्या एका कारखान्यातून 7 वर्षे 8 महिन्यांच्या नोकरीनंतर राजीनामा दिलेल्या कामगाराने 1,80,000 रुपये ग्रॅच्युइटी मागितली. त्याने हिशेब 39,000 च्या एकूण पगारावर धरला. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून होतात 26,000. त्याला 26 ने भागून 15 दिवसांचे 15,000. कंपनीच्या लेखापालाने वर्षे 7 धरली. पण सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष मोजतात, म्हणून 8. देय रक्कम 1,20,000.

म्हणजे चूक दोन्हीकडे.

मसुद्यात नोटिशीच्या परिच्छेदांना क्रमाने उत्तर असतं: नोकरीच्या तारखा मान्य, 1,20,000 मान्य, उरलेले 60,000 अमान्य आणि का, ते हिशेबासह. ‘नोटीस पिरियड पाळला नाही’ म्हणून ग्रॅच्युइटी अडवता येत नाही, हे वाक्य वकील खोडतातच. तीस दिवसांची मुदत उलटली असेल, तर व्याजाचा मुद्दा ते समासात लिहितात. पाठवण्याआधी त्या समासातल्या नोंदी मात्र आठवणीने काढाव्या लागतात.