३० जून, मध्यान्हानंतर

११ जून २०२४च्या रात्री उशिरा संरक्षण मंत्रालयाने एक छोटं निवेदन प्रसिद्धीला दिलं. लेफ्टनंट जनरल उपेंद्र द्विवेदी, सध्या लष्कराचे उपप्रमुख, यांची पुढचे लष्करप्रमुख म्हणून नियुक्ती झाली आहे, ती ३० जूनच्या दुपारनंतर अमलात येईल, आणि विद्यमान प्रमुख जनरल मनोज पांडे त्याच दिवशी पद सोडतील. त्याखाली द्विवेदींचा परिचय: जन्म १ जुलै १९६४, जम्मू अँड काश्मीर रायफल्समध्ये अधिकारी म्हणून प्रवेश १५ डिसेंबर १९८४, मग कुठेकुठे नेतृत्व केलं, कोणते अभ्यासक्रम केले, कोणती पदकं मिळाली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी फोटो टाकून तेवढंच छापलं आणि वाचकांनी पान उलटलं.

असं निवेदन वाचताना बहुतेकांची नजर नावावर आणि पदकांवर जाते. त्यातली खरी गोष्ट मात्र दोन तारखांमध्ये असते. एक, नियुक्ती अमलात येण्याची, आणि दुसरी, जन्माची. परिचयाची सुरुवात जन्मतारखेने होते, पण ती वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी नसते. पुढचा सगळा हिशोब तिच्यावरच चालतो.

नियम तसे सोपे आहेत. लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो. लष्करप्रमुखाला मात्र तीन वर्षं किंवा वयाची बासष्ट वर्षं, यांतलं जे आधी येईल तिथपर्यंत पदावर राहता येतं. निवृत्ती वाढदिवसाच्या दिवशी होत नाही, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी होते. याला एक पोटनियम आहे आणि तो सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही पाठ असतो. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस घरी जातो. एक जूनला जन्मलेल्या गुरुजींना ३१ मे रोजी नारळ मिळतो, तो याच नियमाने. आणि आपल्याकडे शाळेत नाव घालताना एक जून ही तारीख लावून दिलेल्यांची संख्या पाहता, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात महाराष्ट्रात निरोपसमारंभांची इतकी गर्दी का असते, हेही कळतं.

आता हाच नियम द्विवेदींना लावून पाहा. जन्म १ जुलै १९६४. साठ वर्षं १ जुलै २०२४ला पूर्ण होणार, पण जन्म एक तारखेचा, म्हणून लेफ्टनंट जनरल या नात्याने निवृत्तीचा दिवस ३० जून २०२४. म्हणजे ज्या दिवशी ते निवृत्त व्हायचे, नेमक्या त्याच दिवशी दुपारनंतर ते प्रमुख झाले. पद मिळालं आणि त्यासोबत बासष्टची वयोमर्यादा लागू झाली. हे एका दिवसाने जरी पुढे गेलं असतं, तरी निवेदनात दुसरं नाव आलं असतं, किंवा द्विवेदींनाच आधी वेगळी मुदतवाढ द्यावी लागली असती.

ही तारीख इतकी नेमकी कशी जुळली, याचं उत्तर आधीच्या दुसऱ्या एका निवेदनात आहे. नागपूरच्या मनोज पांडे यांचा जन्म ६ मे १९६२चा. बासष्ट वर्षं मे महिन्यात पूर्ण, म्हणून निवृत्ती ३१ मे २०२४. अशा वेळी पुढच्या प्रमुखाचं नाव साधारणपणे काही आठवडे आधी जाहीर होतं. स्वतः पांडे यांचं नाव १८ एप्रिल २०२२ रोजी जाहीर झालं होतं आणि ३० एप्रिलला त्यांनी पुण्याच्या जनरल मनोज नरवणे यांच्याकडून सूत्रं घेतली होती. पण २०२४चा मे संपत आला तरी नवं नाव येईना. लोकसभेची निवडणूक सुरू होती. मग २६ मे रोजी जाहीर झालं की मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीने पांडे यांची सेवा लष्करी नियम, १९५४ मधल्या नियम १६-अ (४) खाली एका महिन्याने, म्हणजे ३० जूनपर्यंत वाढवली आहे. कारण दिलं नव्हतं.

निरीक्षकांनी लगेच बोटं मोजायला घेतली. सेवाज्येष्ठतेत द्विवेदींनंतर नाव होतं लेफ्टनंट जनरल अजयकुमार सिंह यांचं. ते तेव्हा पुण्याला मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडचे प्रमुख होते, आणि तेही ३० जूनलाच निवृत्त होणार होते. महिन्याऐवजी दोन महिन्यांची मुदतवाढ दिली असती तर दोघंही शर्यतीबाहेर गेले असते आणि निवड आणखी खालच्या फळीतून करावी लागली असती. ३० जून ही तारीख ठरली आणि दोघांसाठी दार शेवटच्या दिवसापर्यंत उघडं राहिलं. एका महिन्याच्या मुदतवाढीने ज्येष्ठताक्रमाला धक्का लागला नाही. तर्कवितर्क बरेच झाले, पण तारखा एवढंच सांगतात.

‘दुपारनंतर’ हा शब्दही शोभेचा नाही. निवृत्त होणारा माणूस शेवटच्या दिवशी कामावर असतो. त्या दिवसाचा पगार त्याचा, सही त्याची, आदेश त्याचे. निवृत्ती धरली जाते ती दुपारनंतरची. आपल्या तहसील कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत पदभार देताना-घेताना ‘मध्यान्हपूर्व’ की ‘मध्यान्हानंतर’ हे लिहावंच लागतं, त्यामागे हेच कारण. दोन अधिकारी एकाच खुर्चीवर एकाच वेळी असू शकत नाहीत, आणि खुर्ची क्षणभर रिकामी राहिलेलीही चालत नाही. लाखो सैनिक ज्याच्या आज्ञेत असतात, त्या पदाबाबत तर अजिबातच नाही. म्हणून जुन्याचं जाणं आणि नव्याचं येणं एकाच निवेदनात, एकाच तारखेला, एकाच प्रहरात बांधलेलं असतं.

सगळीकडे अशी घट्ट गाठ नसते. रिझर्व्ह बँकेच्या उपगव्हर्नरपदाचं पाहा. मायकेल पात्रा जानेवारी २०२५मध्ये निवृत्त झाले. पूनम गुप्ता यांचं नाव २ एप्रिलला जाहीर झालं आणि त्या रुजू झाल्या २ मे रोजी. मधल्या काळात पतधोरणाचं काम दुसऱ्या उपगव्हर्नरांनी सांभाळलं. बँकेला ते परवडतं. गव्हर्नरपदाबाबत मात्र तिथेही तारीख पक्की असते. संजय मल्होत्रा यांच्या नियुक्तीची बातमी ९ डिसेंबर २०२४ची आणि अंमल ११ डिसेंबरपासून, मुदत तीन वर्षं. मुदत स्पष्ट लिहिलेली असल्यामुळे तिथे हिशोब करावा लागत नाही. लष्करप्रमुखाच्या निवेदनात पद कधी सुरू होणार ते असतं, कधी संपणार ते नसतं. ते वाचकाने जन्मतारखेवरून काढायचं. द्विवेदींचं बासष्टावं वर्ष १ जुलै २०२६ला भरतं, जन्म पुन्हा तोच एक तारखेचा, म्हणून नियमाने शेवट ३० जून २०२६. तीन वर्षं म्हणता म्हणता हातात उरतात दोन.

जन्मतारखेला एवढं वजन असल्यामुळे तिच्यावरून भांडण होणं ओघानेच आलं, आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलंही आहे. जनरल व्ही. के. सिंह ३१ मार्च २०१० रोजी लष्करप्रमुख झाले. लष्कराच्या एका शाखेकडे त्यांचं जन्मवर्ष १९५०, दुसरीकडे १९५१. दिवस आणि महिना मात्र एकच, १० मे. सरकारने १९५० धरलं, म्हणजे निवृत्ती ३१ मे २०१२. १९५१ धरलं असतं तर तीन वर्षांची मर्यादा आधी आली असती आणि ते मार्च २०१३पर्यंत राहिले असते. फेब्रुवारी २०१२मध्ये न्यायालयाचा रोख पाहून त्यांनी याचिका मागे घेतली. त्यानंतर महिनाभराच्या आत, ३ मार्चला, सरकारने त्यांच्या वारसाचं नाव जाहीर करून टाकलं. अंमल जवळजवळ तीन महिन्यांनी होणार होता, पण वाद संपला हे सांगायला ते निवेदन पुरेसं होतं. वारस होते बिक्रम सिंग, जन्म १९ जुलै १९५२. लेफ्टनंट जनरल म्हणून त्यांची निवृत्ती ३१ जुलै २०१२ला आली असती. म्हणजे प्रमुखाच्या वयातल्या एका वर्षाच्या फरकाने पुढचा प्रमुखही बदलला असता.

मुदतवाढीने एखाद्याची संधी हुकल्याचंही उदाहरण आहे. १९७४मध्ये जनरल बेवूर यांचा कार्यकाळ वाढवला गेला आणि दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले लेफ्टनंट जनरल प्रेम भगत प्रमुख न होताच निवृत्त झाले. २०२४मध्ये ‘एक महिना’ ऐकून जुन्याजाणत्यांना पहिल्यांदा आठवलं ते हेच.

निवेदनातून काही गोष्टी मुद्दाम गाळलेल्या असतात, त्याही लक्षात घ्याव्यात. कुणाकुणाचा विचार झाला, कुणाला डावललं, याचं अक्षरही त्यात नसतं. १७ डिसेंबर २०१६ रोजी बिपिन रावत यांचं नाव जाहीर झालं तेव्हा त्यांच्याहून ज्येष्ठ असलेले दोघे, पूर्व कमांडचे प्रवीण बक्षी आणि दक्षिण कमांडचे पी. एम. हारिज, मागे राहिले. ते कळलं लष्कराची ज्येष्ठतायादी ठाऊक असलेल्यांना. इतरांना निवेदनात दिसली ती रावत यांची कारकीर्द. तरी परिचयाचा परिच्छेद नीट वाचला तर सरकारला काय अधोरेखित करायचंय, याचा अंदाज येतो. द्विवेदींच्या बाबतीत उत्तर कमांडचं २०२२ ते २०२४ या काळातलं नेतृत्व नोंदलेलं आहे. म्हणजे काश्मीर आणि लडाख, चीनशी तणाव चालू असतानाचा काळ. उपप्रमुखपदावर ते फेब्रुवारीपासून, जेमतेम चार महिने होते. खरं वजन कुठल्या पदाचं, हे त्यावरून ठरवता येतं. रेवाच्या सैनिक स्कूलचाही उल्लेख आहे, आणि गंमत म्हणजे त्याच एप्रिलमध्ये नौदलप्रमुख झालेले दिनेश त्रिपाठी त्याच शाळेतले.

करून बघायचं असेल तर हवाई दलाचं उदाहरण घ्या, नियम तिथेही हेच. नांदेडचे एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी, जन्म ४ सप्टेंबर १९६२, निवृत्त झाले ३० सप्टेंबर २०२४ला. त्यांच्या जागी त्याच दिवशी दुपारनंतर अमरप्रीत सिंग आले, जन्म २७ ऑक्टोबर १९६४. एअर मार्शल म्हणून त्यांची साठी ऑक्टोबरअखेर भरत होती, म्हणजे त्यांच्या हाताशी एकच महिना शिल्लक होता. प्रमुख म्हणून त्यांची मुदत ३१ ऑक्टोबर २०२६ला संपते.