काळ्या पाषाणाला बोल्ट कशाला?

नीरेचे पाणी उजनीच्या जलाशयाकडे नेणारा नीरा-भीमा जोडबोगदा हा कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पाचा भाग. सुमारे २४ किलोमीटर लांबीचा हा बोगदा इंदापूर तालुक्याच्या पोटातून जातो आणि वाटेत त्याला भेटतो तो दख्खनचा बेसाल्ट. अशा बोगद्याचा विषय निघाला की बारामती-इंदापूर पट्ट्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: "खाली सगळा काळा पाषाण आहे, त्याला बोल्ट आणि सिमेंट कशाला?" विहिरीवर ज्याची पहार बोथट झाली आहे त्याने असे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण अभियांत्रिकीची पदवी घेतलेली माणसेही तेच म्हणतात, तेव्हा मात्र थोडा वैताग येतो.

बोगद्याचा माथा खडकाच्या कठीणपणावर उभा राहत नाही, तो खडकातल्या फटींवर उभा राहतो किंवा कोसळतो. हातोड्याला खणखणीत आवाज देणारा दगड चारी बाजूंनी चिरलेला असेल, तर सुरुंगानंतर तो ठोकळ्या-ठोकळ्यांनी खाली येतो. त्यातला एकेक ठोकळा पोलादासारखा टणक असतो, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला त्या टणकपणाचा काही उपयोग नसतो.

नॉर्वेच्या भूतांत्रिक संस्थेतले बार्टन, लिएन आणि लुंडे यांनी १९७४ मध्ये मांडलेली क्यू-पद्धत नेमकी या फटींची मोजदाद करते. तिचे सूत्र असे:

Q = (RQD/Jn) × (Jr/Ja) × (Jw/SRF)

पहिला अपूर्णांक ठोकळे किती मोठे हे सांगतो. वर गाभ्याच्या नमुन्यात १० सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची टक्केवारी, खाली फटींच्या संचांची संख्या दाखवणारा आकडा. दुसरा अपूर्णांक ठोकळ्यांमधली पकड मोजतो: फटीचा पृष्ठभाग किती खडबडीत, आणि त्यावर कसले पुट बसले आहे. तिसऱ्यात पाणी आणि दाब येतात. उत्तर ०.००१ पासून १००० पर्यंत कुठेही असू शकते. दगड किती दाबाला फुटतो हे सांगणारा स्वतंत्र आकडा या सहांमध्ये नाही. त्याचा संबंध येतो तो फक्त शेवटच्या घटकात, खोलवरचा दाब दगडाच्या ताकदीच्या जवळ पोचला तरच. इंदापूरच्या पठाराखाली, काही दशक मीटर खोलीवर, ती वेळ सहसा येत नाही.

आता त्याच तालुक्यात भेटू शकतील असे दोन फेस घेऊ. आकडे उदाहरणाचे आहेत, प्रकल्पाच्या नोंदवहीतले नाहीत.

पहिल्या फेसवर घट्ट काळा बेसाल्ट. लाव्हा थंड होताना आकसला, त्यामुळे त्यात उभ्या चिरा पडल्या; शिवाय आडव्या चिरा आहेतच. एकूण तीन संच, म्हणजे Jn ९. गाभ्याची टक्केवारी ७०. चिरा सपाट आणि गुळगुळीत, म्हणून Jr १. फट उघडून अंगठा फिरवला की हिरवट-काळे, मातकट पुट हाताला लागते. या पुटाला Ja ३ देऊ. ते ओले झाल्यावर मऊ पडत असेल तर ४. पाणी मध्यम झिरपते, Jw ०.६६. दाब सामान्य, SRF १. गुणाकार केला की ७.८ × ०.३३ × ०.६६, म्हणजे सुमारे १.७. क्यू-तक्त्यात १ ते ४ या पट्ट्याचे नाव "निकृष्ट" असे आहे.

दुसऱ्या फेसवर मांजऱ्या, म्हणजे पोकळ्या नंतरच्या पांढऱ्या खनिजांनी भरलेला बेसाल्ट. दगड म्हणून त्याची ताकद काळ्या पाषाणाच्या बऱ्याचदा निम्म्याहून कमी, आणि विहीर खोदणारे त्याला फारसा मान देत नाहीत. पण त्यात फटी विरळ: एक संच आणि काही तुरळक चिरा, Jn ३. टक्केवारी ९०. चिरा सपाट पण खडबडीत, Jr १.५, पुट नाही, Ja १, कोरडे, दाब सामान्य. उत्तर ३० × १.५, म्हणजे ४५, "अतिशय चांगला". नरम दगडाला टणक दगडापेक्षा सव्वीसपट जास्त गुण मिळाले. यात हिशेबाची चूक नाही.

हे आकडे आधाराकडे कसे नेतात, तेही पाहावे. बोगदा ७ मीटर रुंद आणि पाण्याचा आहे असे धरू. पाण्याच्या बोगद्यासाठी सुरक्षिततेचा भाजक १.६ घेतात, कारण त्यातून माणसांची रोजची ये-जा नसते. आधाराशिवाय उभा राहू शकणारा जास्तीत जास्त गाळा, म्हणजे दोन गुणिले हा भाजक गुणिले क्यूचा ०.४ वा घात. पहिल्या फेसला तो ४ मीटरच्या आसपास येतो. ७ मीटरला तो पुरत नाही. दुसऱ्याला साडेचौदा मीटरच्या वर येतो, म्हणजे पद्धतशीर आधार लागत नाही. जिथे सैल दिसेल तिथे एखादा बोल्ट.

पहिल्या फेसला तक्ता दोन गोष्टी सुचवतो: पावणेदोन मीटरच्या आसपास अंतराने जाळीसारखे ठोकलेले बोल्ट, आणि ५ ते ९ सेंटिमीटरच्या पल्ल्यातले तंतुमिश्रित शॉटक्रीट. बोल्टच्या लांबीचे जुने सूत्र २ + ०.१५ × रुंदी ÷ भाजक असे आहे. ते सुमारे २.७ मीटर देते, आणि कामावर ३ मीटरचा बोल्ट घेतात. बोल्ट हा ठोकळ्यांना एकमेकांशी शिवतो, तर शॉटक्रीट बोल्टांच्या मधल्या लहान तुकड्यांना जागेवर धरते. शॉटक्रीट म्हणजे गिलावा, हा समज त्यामुळे खोटा. ते दगडाला चिकटून काम करते. ओल्या, धुळीच्या किंवा मातकट पृष्ठभागावर मारले तर दुसऱ्याच दिवशी हातोडा मारून पाहावा, पोकळ आवाज येतो.

"काळा पाषाण" हा समज टिकण्यामागे एक तांत्रिक कारणही आहे. जमिनीवरून मारलेले बोअर उभे असते आणि बेसाल्टच्या आकसण्याच्या चिराही उभ्याच असतात. दोन चिरांच्या मधून बोअर सरळ खाली जाते, चीर तोडतच नाही, आणि गाभा लांबच लांब अखंड निघतो. टक्केवारी ९५ दाखवते. कागदावर खडक उत्तम, फेसवर मात्र तोच खांबा-खांबांनी उभा चिरलेला. तिरके बोअर घेतले असते तर हे लगेच दिसले असते. म्हणून क्यू ठरवायचा तो सुरुंगानंतर, सैल दगड पहारीने पाडून, फेस धुऊन, आणि शॉटक्रीट मारण्याआधी. एकदा शॉटक्रीट बसले की खडक दिसत नाही, आणि नंतर भरलेली नोंद बहुधा अंदाजानेच भरलेली असते.

या टप्प्यावर अजिंठा-वेरूळची साक्ष निघते: शेकडो वर्षे लेणी उभी आहेत, त्यांना कुणी बोल्ट मारले होते? आधी हे लक्षात घ्यावे की ती छिन्नीने कोरली आहेत. सुरुंगाने तडे पाडलेल्या माथ्याशी त्यांची तुलना होत नाही. दुसरे, खोदणाऱ्यांनी जागा निवडली होती. बोगद्याला निवड नसते, नीरा जिथे आहे तिथूनच त्याला निघावे लागते. तिसरे, कान्हेरीची लेणी तर ज्वालामुखीजन्य खडे-मातीच्या गोळा झालेल्या खडकात आहेत. म्हणजे लेणी दाखवून सिद्ध होते ते उलटेच: कठीणपणा नव्हे, फटींची विरळता माथा धरून ठेवते.

मात्र मांजऱ्याला ४५ गुण मिळाले म्हणून त्याला मोकळे सोडावे, असेही नाही. त्याचे काही प्रकार हवा आणि पाणी लागताच भुगा होऊ लागतात. फेस उघडला तेव्हाचा क्यू ४५ असतो, काही महिन्यांनी दगडाचे पापुद्रे निघतात, आणि त्याची दखल तक्त्यात कुठेच नसते. उपाय साधा आहे: नमुन्याचा तुकडा पाण्याच्या बादलीत टाकून दोन-चार दिवस ओला-कोरडा करून पाहावा. तो झडत असेल तर गुण कितीही असोत, पातळ शॉटक्रीटचा थर लवकर मारावा. इथे शॉटक्रीट माथ्याचे वजन पेलण्यासाठी मारत नाहीत, खडकाला हवेपासून झाकण्यासाठी मारतात.

याहून अवघड असतो दोन लाव्हाथरांमधला तांबडा मातकट थर. तो माथ्याच्या अर्धा मीटर वर असला तर फेसवर दिसतच नाही, आणि खालचा चांगला काळा दगड पाटीसारखा लोंबकळत राहतो. त्या पाटीच्या सरासरीवर क्यू काढला तर फसगत होते; मातीयुक्त दुबळ्या पट्ट्याला ५० मीटरहून उथळ जागी शेवटचा घटक ५ घ्यायला नॉर्वेची पुस्तिका सांगते, खोल असेल तर २.५. शिवाय बोल्टचे टोक मातीत अडकले तर धरत नाही. तो थर ओलांडून वरच्या घट्ट बेसाल्टमध्ये पुरेसा गेला पाहिजे, आणि पूर्ण लांबीभर सिमेंटने भरला पाहिजे. वरून पाणी झिरपत असेल तर शॉटक्रीटमधून निचऱ्याची भोके ठेवावी लागतात, नाहीतर मागे साठलेले पाणीच थर सोडवते.

उरलेल्या गैरसमजांना एकेक ओळ पुरे. "खोदताना कोरडे, म्हणजे कायम कोरडे": कालव्याचे आवर्तन सुटले आणि उसाला पाणी लागले की हेच फेस ठिबकू लागतात, म्हणून Jw त्या महिन्यातला नव्हे, सर्वांत वाईट महिन्यातला घ्यावा. "क्यू म्हणजे एकच अचूक आकडा": त्याच फेसवर पुटाचा आकडा ३ ऐवजी १ लिहिला तर उत्तर तिप्पट होते, म्हणून किमान-कमाल पट्टा लिहिणारी नोंद एकाच आकड्याच्या नोंदीपेक्षा प्रामाणिक. "तक्ता सांगेल तो आधार पुरे": हा तक्ता बांधून झालेल्या बोगद्यांच्या अनुभवावरून आला आहे, १९९३ च्या सुधारित रूपात सुमारे १०५० नोंदींवरून; पण एखादा एकटा मोठा ठोकळा माथ्यातून निसटायला बघत असेल तर तो डोळ्यांनीच ओळखावा लागतो. "अकोल्यात बोगदा कोसळून माणसे गेली": २० नोव्हेंबर २०१७ रोजी इंदापूर तालुक्यातल्या अकोले येथे ८ कामगार दगावले ते क्रेनचा दोर तुटल्याने, खडकाचा त्यात संबंध नव्हता.