कार्यपत्रिकेतील कोष्टकाच्या आधारे संयुगांच्या मोलर वस्तुमानाची गणना : रीत, चुका आणि तपासणी

प्रस्तावना :

रसायनशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात संयुगांचे मोलर वस्तुमान काढण्यासाठी विद्यार्थ्यांना कार्यपत्रिका दिली जाते. तिच्या वरच्या भागात मूलद्रव्यांच्या अणुवस्तुमानांचे छोटे कोष्टक असते व त्याखाली संयुगांची सूत्रे असतात. अलीकडे अशी कार्यपत्रिका बहुधा भ्रमणध्वनीवरील स्क्रीनशॉटच्या रूपाने विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते. गणित केवळ गुणाकार व बेरजेचे असल्याने ते सोपे समजले जाते. तथापि एकाच सूत्रासाठी एकाच वर्गात तीन-चार निरनिराळी उत्तरे येतात आणि त्यांपैकी कोणते ग्राह्य धरावे, हा प्रश्न उत्तरे तपासणाऱ्या अध्यापकापुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखात एका नमुना कार्यपत्रिकेच्या आधारे ही गणना कशी करावी, उत्तरांत फरक का पडतो आणि चुकीच्या उत्तरावरून चुकीचे स्थान कसे ओळखावे, याचे विवेचन केले आहे.

कोष्टकाचे स्थान :

मोलर वस्तुमान म्हणजे पदार्थाच्या एका मोलचे ग्रॅममधील वस्तुमान होय. सूत्रातील प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूंची संख्या त्याच्या अणुवस्तुमानाने गुणून येणाऱ्या गुणाकारांची बेरीज केली असता ते मिळते. ते ग्रॅम प्रति मोल या एककात लिहितात.

नमुना कार्यपत्रिकेच्या कोष्टकात पुढील मूल्ये दिली आहेत, असे मानू : H १.०, N १४.०, O १६.०, Al २७.०, S ३२.१, Ca ४०.१ आणि Cu ६३.५. त्याखाली Ca(OH)₂, (NH₄)₂SO₄, Al₂(SO₄)₃ आणि CuSO₄·5H₂O ही चार संयुगे आहेत.

ही मूल्ये प्रमाणित मूल्यांची एका दशांश स्थळापर्यंत पूर्णांकित केलेली रूपे आहेत. गंधकाचे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्र संघाने गंधकाचे प्रमाणित अणुवस्तुमान ३२.०६५ असे निश्चित केले होते. निसर्गात निरनिराळ्या ठिकाणी सापडणाऱ्या गंधकात समस्थानिकांचे प्रमाण थोडे भिन्न असते. हे लक्षात घेऊन २००९ च्या निर्णयानुसार गंधकासह दहा मूलद्रव्यांसाठी एका संख्येऐवजी मर्यादा देण्यात आल्या. गंधकाच्या मर्यादा ३२.०५९ ते ३२.०७६ अशा असून सामान्य वापरासाठी ३२.०६ हे मूल्य सुचविलेले आहे. त्यामुळे एका पुस्तकात ३२.०६, दुसऱ्यात ३२.०७ आणि कार्यपत्रिकेत ३२.१ आढळले, तर त्यांपैकी कोणतेही चूक ठरत नाही.

यावरून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. कार्यपत्रिकेतील कोष्टक हा प्रश्नाचाच भाग होय. उत्तर त्याच मूल्यांवरून काढले पाहिजे आणि तपासणाऱ्यानेही त्याच मूल्यांवरून आदर्श उत्तर तयार केले पाहिजे.

सूत्राचे वाचन :

गणनेची पहिली पायरी गुणाकार नसून सूत्राचे अचूक वाचन ही आहे. पादांक आपल्या लगतच्या डावीकडील चिन्हाला लागू होतो. कंसाबाहेरील पादांक कंसातील प्रत्येक चिन्हाला लागू होतो. मध्यबिंदूनंतरचा मोठा अंक त्यापुढील संपूर्ण रेणूला लागू होतो. तेथील बिंदू गुणाकाराचे चिन्ह नसून स्फटिकजल जोडलेले असल्याची खूण आहे, म्हणून तेथे बेरीज करावयाची असते.

स्क्रीनशॉटमध्ये नेमक्या याच खुणा प्रथम अस्पष्ट होतात. पादांकातील ३ व ८ सारखे दिसतात आणि मध्यबिंदू नाहीसा होतो. चित्रातून मजकूर उचलला असता पादांक ओळीच्या पातळीवर येतात व CuSO₄·5H₂O चे CuSO45H2O असे रूप होऊ शकते. ते जसेच्या तसे वाचले तर ऑक्सिजनचे ४५ अणू धरले जातात आणि उत्तर ८३३.६ येते. प्रत्यक्षात ते २४९.६ आहे.

पादांकाविषयी शंका आल्यास संयुजेचा आधार घ्यावा. Al₂(SO₄)₃ मध्ये ॲल्युमिनिअम आयनावर ३ धन प्रभार व सल्फेट मूलकावर २ ऋण प्रभार असतो. दोन ॲल्युमिनिअमचे ६ धन आणि तीन सल्फेटचे ६ ऋण असा मेळ बसतो. बाहेरील पादांक ८ वाचला तर हा मेळ बसत नाही आणि वाचनातील चूक गणनेपूर्वीच लक्षात येते.

प्रत्यक्ष गणना :

प्रत्येक मूलद्रव्याची अणुसंख्या आधी स्वतंत्रपणे लिहून मग गुणाकार करावा. Ca(OH)₂ मध्ये Ca १, O २ व H २ अणू आहेत.

Ca(OH)₂ : ४०.१ + (२ × १६.०) + (२ × १.०) = ७४.१

(NH₄)₂SO₄ मध्ये पहिल्या कंसामुळे N २ व H ८ होतात. सल्फेट मात्र कंसाबाहेर असल्याने S १ व O ४ च राहतात.

(NH₄)₂SO₄ : २८.० + ८.० + ३२.१ + ६४.० = १३२.१

Al₂(SO₄)₃ मध्ये Al २, S ३ आणि O १२ आहेत.

Al₂(SO₄)₃ : ५४.० + ९६.३ + १९२.० = ३४२.३

CuSO₄·5H₂O साठी निर्जल भाग व स्फटिकजल वेगळे काढणे सोयीचे ठरते. निर्जल कॉपर सल्फेटचे ६३.५ + ३२.१ + ६४.० = १५९.६ आणि पाण्याच्या पाच रेणूंचे ५ × १८.० = ९०.० होतात.

CuSO₄·5H₂O : १५९.६ + ९०.० = २४९.६

कोष्टकातील मूल्ये एका दशांश स्थळापर्यंत असल्याने बेरीजही एकाच दशांश स्थळापर्यंत लिहावी. अणूंची संख्या ही मोजून आलेली पूर्ण संख्या असल्यामुळे तिच्यावर हे बंधन नसते.

पूर्णांकनाचा परिणाम :

गुणाकार करताना अणुवस्तुमानातील पूर्णांकनाची त्रुटीही गुणली जाते. Al₂(SO₄)₃ चे मोलर वस्तुमान Al २६.९८२, S ३२.०६ आणि O १५.९९९ या मूल्यांवरून ३४२.१ येते; गंधकाचे जुने ३२.०६५ हे मूल्य घेतल्यास ३४२.१५ येते. कार्यपत्रिकेवरून आलेले ३४२.३ यांपासून काहीसे दूर आहे. गंधकाच्या पूर्णांकनातील ०.०४ ही त्रुटी तीन अणूंमुळे ०.१२ झाली आणि उरलेला फरक ॲल्युमिनिअम व ऑक्सिजनच्या पूर्णांकनातून आला.

येथे तपासणाऱ्याकडून अन्याय होण्याचा संभव असतो. संदर्भग्रंथातील ३४२.१५ हे उत्तर प्रमाण मानून तपासणी केली, तर दिलेल्या कोष्टकाचा प्रामाणिकपणे वापर करून ३४२.३ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण जातात आणि कोष्टकाकडे न पाहता अन्यत्र मिळालेला आकडा उतरविणाऱ्यास पूर्ण गुण मिळतात. वास्तविक एका दशांश स्थळाच्या कोष्टकातून दुसऱ्या दशांश स्थळी ५ येऊच शकत नाही. त्यामुळे ३४२.१५ हे उत्तर दिसताच ते दिलेल्या मूल्यांवरून काढलेले नाही, हे निश्चित सांगता येते.

चुकीच्या उत्तरावरून चुकीचा शोध :

योग्य उत्तरातून विद्यार्थ्याचे उत्तर वजा केले असता मिळणारा फरक पुष्कळदा चुकीचे स्थान दाखवितो. Al₂(SO₄)₃ साठी १५०.१ हे उत्तर आले, तर फरक १९२.२ आहे. ही संख्या ९६.१ ची, म्हणजे एका सल्फेट मूलकाच्या वस्तुमानाची, दुप्पट आहे. अर्थात कंसाबाहेरील ३ पूर्णपणे दुर्लक्षिला गेला. उत्तर २१४.३ असल्यास फरक १२८.०, म्हणजे ऑक्सिजनचे आठ अणू. येथे ३ फक्त गंधकाला लावला गेला. उत्तर २७८.१ असल्यास फरक ६४.२, म्हणजे गंधकाचे दोन अणू. येथे ३ फक्त ऑक्सिजनला लावला गेला. त्याचप्रमाणे Ca(OH)₂ साठी ५८.१ आले, तर १६.० चा फरक ऑक्सिजनचा एक अणू सुटल्याचे सांगतो. CuSO₄·5H₂O साठी १८५.६ आले, तर ६४.० या फरकावरून ५ हा अंक फक्त हायड्रोजनला लावल्याचे समजते.

या पद्धतीला मर्यादाही आहे. कोष्टकात गंधकाचे मूल्य ३२ व ऑक्सिजनचे १६ असे पूर्णांकात दिले असेल, तर गंधकाचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन अणू यांचे वस्तुमान अगदी सारखे होते. मग ६४ चा फरक गंधकाच्या दोन अणूंचा की ऑक्सिजनच्या चार अणूंचा, हे सांगता येत नाही. म्हणूनच अणुसंख्येची पायरी लिहून घेणे आणि त्या पायरीस स्वतंत्र गुण ठेवणे इष्ट ठरते.

प्रयोगशाळेतील परिणाम :

कोणता फरक क्षम्य व कोणता गंभीर, हे प्रयोगशाळेत स्पष्ट होते. कॉपर सल्फेटचे ०.१ मोलर द्रावण २५० मिलिलिटर तयार करण्यास ०.०२५ मोल पदार्थ लागतो. निळ्या स्फटिकांसाठी २४९.६ या मूल्यावरून ६.२४ ग्रॅम वजन येते. अधिक अचूक २४९.६८ हे मूल्य घेतले तरी वजन ६.२४२ ग्रॅम होते आणि दोन दशांश स्थळे दाखविणाऱ्या तराजूवर हा फरक दिसत नाही. मात्र स्फटिकजल विसरून १५९.६ हे मूल्य वापरले तर ३.९९ ग्रॅम स्फटिक घेतले जातात आणि द्रावणाची तीव्रता सुमारे ०.०६४ मोलर भरते. त्यावर आधारलेले पुढील सर्व अनुमापन चुकते. बाटलीवरील सूत्र आणि गणनेतील सूत्र एकच आहे का, हे वजन करण्यापूर्वीच पाहिले पाहिजे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मोलर वस्तुमानाच्या उत्तरांतील फरक दोन निराळ्या प्रकारचे असतात. दशांश स्थळांतील फरक कोष्टकाच्या निवडीतून येतो. तो चूक मानण्यापूर्वी दिलेल्या कोष्टकाशी ताडून पाहावा. एखाद्या अणूच्या किंवा मूलकाच्या वस्तुमानाइतका अथवा त्याच्या पटीतील फरक मात्र सूत्राच्या वाचनातून येतो आणि तोच दुरुस्त करावयाचा असतो. कार्यपत्रिका चित्ररूपाने पाठविताना सूत्रासोबत संयुगाचे नाव छापले आणि कोष्टक त्याच चित्रात राहील याची काळजी घेतली, तर वाचनातील बहुतेक संदिग्धता टळते. उदाहरणार्थ, कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट असे नाव सोबत असेल, तर पुसट झालेला बिंदूही वाचकाची दिशाभूल करीत नाही.